चोथ्यात काय राहिले?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या नळदुर्गात दिवाळीच्या आगेमागे घराघरांत सोयाबीनची पोती येऊन पडतात. त्यातली बहुतेक लातूरच्या किंवा सोलापूरच्या बाजाराला जातात. दाण्यातून तेल निघते, उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. ज्या घरात ते पिकले, त्या घरच्या चुलीपर्यंत मात्र त्यातले मूठभरही पोहोचत नाही. मागच्या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या वहिनींनी ही रीत मोडायचे ठरवले. घरच्या सोयाबीनचे दूध काढायचे, शाळेत जाणाऱ्या दोन्ही पोरांना सकाळी पेलाभर द्यायचे, असा त्यांचा बेत. चार दिवसांनी त्या हातात पितळी घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या. पितळीत पांढरटपिवळा, ओलसर चोथ्याचा गोळा होता.

"बाई, दूध निघतंय खरं, पण चोथाच एवढा उरतोय. ह्यात काही राह्यलंय का हो? का टाकू म्हशीला?"

मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. प्रश्न चांगला होता, कारण दूध काढायचे ते प्रथिनांसाठी. ती दुधात उतरली की चोथ्यात राहिली, हे कळल्याशिवाय पेल्यात नेमके काय आले ते कसे सांगणार?

आधी दाण्याचा हिशेब पाहू. कोरड्या सोयाबीनच्या शंभर ग्रॅम दाण्यांत वाणानुसार साधारण ३६ ते ४० ग्रॅम प्रथिने असतात. हरभऱ्याच्या किंवा तुरीच्या डाळीत ती याच्या अर्ध्याच्या थोडी वरखाली. म्हणजे वहिनींनी एका वेळेला घेतलेल्या दोनशे ग्रॅम दाण्यांत अंदाजे ७६ ग्रॅम प्रथिने होती. २०२४-२५ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात भाव त्याच्याही खाली राहिला. त्या भावाने हे दोनशे ग्रॅम दाणे दहा रुपयांच्या आतले. आता ह्या ७६ ग्रॅमचे वाटे कसे पडतात, एवढेच शोधायचे.

मी विचारले, "वहिनी, दूध काढता कसे ते सांगा." त्या म्हणाल्या, दाणे रात्री भिजवते, सकाळी कुकरला तीन शिट्ट्या देते, मग मिक्सरमधून काढून पंचातून गाळते. शिट्ट्या का? तर कच्चे दाणे वाटले की दुधाला उग्र, हिरवट वास येतो आणि पोरे पेला तोंडालाही लावत नाहीत.

वास जावा म्हणून त्यांनी केलेला उपाय सरळ वाटतो, पण प्रथिने चोथ्यात अडकली ती नेमकी त्यानेच. हे कसे घडते ते समजायला दाण्याच्या आत डोकवावे लागेल.

सोयाबीनची डाळ म्हणजे लाखो बारीक पेशींचा ढीग. प्रत्येक पेशी ही एक छोटी कणगी समजा. कणगीची भिंत तंतूंची, आणि आत प्रथिनांचे कण व तेलाचे थेंब ठासून भरलेले. कच्चा भिजलेला दाणा वाटला की ह्या कणग्या फुटतात. आतली प्रथिने बहुतांशी पाण्यात उतरणाऱ्या जातीची असतात, त्यामुळे ती पाण्यात येतात आणि तेलाच्या थेंबांना धरून राहतात. ह्यालाच आपण सोयाबीनचे दूध म्हणतो. कणग्यांच्या फुटक्या भिंती फडक्यात राहतात, तो चोथा.

दाणा आधी पूर्ण शिजवला तर दोन गोष्टी होतात. एक, पेशींना एकमेकींशी जोडणारा चिकट थर शिजून विरघळतो. म्हणून शिजलेला दाणा बोटांत दाबला की लगेच पीठ होतो. पण त्या पिठात कणग्या फुटलेल्या नसतात, नुसत्या एकमेकींपासून सुट्या झालेल्या असतात, दारे बंद ठेवून. दुसरी गोष्ट, आतली प्रथिने उष्णतेने बसतात, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग बसतो तशी. बसलेले प्रथिन पाण्यात सहज उतरत नाही. मग मिक्सर कितीही फिरवा, पुष्कळशा कणग्या भरलेल्याच फडक्यावर राहतात. ज्या बारीक म्हणून फडक्यातून निसटतात, त्या दुधाच्या तळाशी जाऊन बसतात. वहिनींच्या पेल्यात मी पाहिले, तळाला रव्यासारखा थर होता आणि वरचे दूध पातळ पाण्यासारखे. हीच खूण. नीट निघालेले दूध अर्धा तास ठेवले तरी एकसारखे दिसते.

मग वासाचे काय करायचे? तो वास दाण्यात आधीपासून नसतो. कणगी फुटल्यावर, पाणी आणि हवा मिळाल्यावर, आतला एक विकर तेलावर काम करू लागतो आणि काही क्षणांत वास तयार होतो. ह्या विकराला लायपॉक्सिजनेज म्हणतात. उष्णतेपुढे त्याचे काही चालत नाही, साधारण ऐंशी अंशांच्या वर तो निकामी होतो. म्हणून दाणा थंड वाटू नये आणि शिजवूनही वाटू नये. तो उकळत्या पाण्यात वाटावा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात १९६०च्या दशकात हीच युक्ती तपासली गेली. गरम वाटण्यानेही थोडी प्रथिने बसतात आणि चोथ्यात जातात, हे खरे. पण तो तोटा कुकरच्या मानाने लहान, आणि पोरे प्यायला तयार नसतील तर दुधात आलेल्या प्रथिनांचा उपयोग तरी काय?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी माझ्या स्वयंपाकघरात सगळे नव्याने केले. तोलायला डिजिटल काटा घेतला.

दोनशे ग्रॅम दाणे निवडले. इथे एक गोष्ट शेतकरी घरांना ठासून सांगायला हवी. पेरणीतून उरलेल्या बियाण्याच्या पिशवीतले दाणे कधीही खायला घेऊ नका. त्यांना बुरशीनाशक आणि कीटकनाशक चोळलेले असते, आणि ते धुऊन जाईल ह्या भरवशावर राहू नये. तसेच सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आपल्या जिल्ह्यात बरेच सोयाबीन पाण्यात राहिले. त्यासारखा काळवंडलेला, बुरशी धरलेला, कुबट वासाचा दाणा काढूनच टाकावा. दोन उन्हाळे पोत्यात गेलेला दाणा विषारी नसतो, पण त्याचे दूध कमी निघते, कारण उष्ण जागी पडून राहिले की प्रथिनांचा पाण्यात उतरण्याचा गुण घटत जातो.

दाणे आठ तास भिजले आणि त्यांचे वजन चारशेच्या वर गेले. भिजवलेले पाणी फेकून दिले, दाणे चोळून साले पाण्यावर तरंगवून काढली. साले ठेवली तरी चालतात, पण चोथा वाढतो आणि गाळताना फडके लवकर तुंबते. मग खळखळ उकळत्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकून दाण्यांना पाच मिनिटांचा चटका दिला आणि ते पाणी ओतले. पाचच मिनिटे. दाणा बाहेरून गरम व्हावा, पण मधोमध चावून पाहिला तर करकरीत लागावा. बोटांत दाबून पीठ झाला तर समजावे की कुकरच्याच वाटेने निघालो.

लगेच चौदाशे मिलिलिटर पाणी मोजून, उकळून घेतले आणि त्यातले थोडे थोडे घालत दाणे वाटले. मिक्सरच्या भांड्यात गरम पाणी अर्ध्याच्या वर भरू नका. झाकण उडून हात भाजतो, माझा पूर्वी भाजला आहे. प्रत्येक घाणा दोन-तीन मिनिटे फिरवला. वाटण चिमटीत घासून पाहावे. रव्यासारखे कण लागले तर आणखी फिरवावे, कारण प्रत्येक कण म्हणजे न फुटलेल्या कणग्यांचा पुंजका.

पाण्याबद्दलही एक शब्द. आमच्याकडे बोअरचे पाणी जड आहे. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम प्रथिनांना एकमेकांशी बांधते. सोयाबीनचे पनीर करायला मुद्दाम असेच क्षार घालतात. म्हणजे जड पाण्यात दाणे वाटले तर नकळत थोडे पनीर फडक्यातच तयार होते आणि चोथ्याबरोबर जाते. पिण्याचे गोडे पाणी वापरावे. तेही नसेल तर पाणी आधी उकळून, गार करून, भांड्याच्या तळाला बसलेला पांढरा थर मागे ठेवून वरचे घ्यावे. पूर्ण उपाय नव्हे, पण फरक पडतो.

सगळे वाटण जाड बुडाच्या पातेल्यात चुलीवर चढवले. इथे फसायला होते. पुरते उकळण्याच्या बरेच आधी पातेल्यात एकदम फेस वर येतो, दूध उतू जाते आहे असे वाटते आणि माणूस गॅस बंद करतो. ती उकळी नव्हे. दाण्यातल्या सॅपोनिन नावाच्या, साबणासारखा फेस करणाऱ्या घटकांचा तो खेळ आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये आपल्या पोटातल्या प्रथिने पचवणाऱ्या विकरांना अडवणारे पदार्थ असतात, आणि ते निकामी व्हायला खरी उकळी पुरेसा वेळ लागते. तोपर्यंत पेल्यात प्रथिने असली तरी अंगी लागत नाहीत, उलट मळमळ, उलट्या, पोटदुखी होऊ शकते. २००३ साली चीनमधल्या हायछेंग शहरात शाळेत सोयाबीनचे दूध प्यायल्यावर मुले मोठ्या संख्येने आजारी पडली, तेव्हा नीट न उकळलेल्या दुधाचीच चर्चा झाली होती. म्हणून फेस आला की आच कमी करावी, चमच्याने फेस मोडावा, आणि तो बसल्यावर खळखळ उकळी येऊन पंधरा ते वीस मिनिटे झाल्याशिवाय उतरवू नये. तळाला लागते, सतत ढवळावे लागते. आम्ही दहा मिनिटे वाटणच उकळले, मग गाळले, आणि गाळलेले दूध आणखी दहा मिनिटे उकळले. वाटण उकळण्याचा फायदा असा की चोथाही निम्मा शिजून निघतो.

हात सोसेल इतके निवल्यावर धुवट धोतराच्या फडक्यातून गाळले आणि पिळले. दूध चौदाशे मिलिलिटरच्या आसपास भरले. वाफेत काही पाणी गेले, भिजलेल्या दाण्यांतले काही पाणी आले. ओला चोथा भरला दोनशे ऐंशी ग्रॅम.

आता मूळ प्रश्न. घरच्या काट्यावर प्रथिने मोजता येत नाहीत, त्याला प्रयोगशाळा लागते. पण अशा गरम पद्धतीने, चांगले वाटून काढलेल्या दुधात दाण्यातली साधारण दोन तृतीयांश प्रथिने उतरतात, हा धरून चालण्यासारखा अंदाज आहे. त्याप्रमाणे ७६ पैकी पन्नासेक ग्रॅम दुधात आली. म्हणजे दोनशे मिलिलिटरच्या पेल्यात सात ग्रॅमच्या थोडी वर, गाईच्या दुधाच्या पेल्याहून काही कमी नाही. चारेक ग्रॅम साली आणि फेकलेल्या पाण्याबरोबर गेली. उरलेली वीसेक ग्रॅम चोथ्यात. ही आकडेमोड मी पाटीवर केली तेव्हा मलाही जरा आश्चर्य वाटले. दोनशे ऐंशी ग्रॅम चोथ्यात वीस, म्हणजे शंभर ग्रॅमच्या वाटीत सात. वाटीभर ओला चोथा आणि पेलाभर दूध, प्रथिनांच्या हिशेबात जवळजवळ बरोबरीचे!

पण ही वीस ग्रॅम सगळी एका जातीची नाहीत, आणि ही गोष्ट वहिनींना सांगितल्यावर त्यांचे डोळे चमकले. ओल्या चोथ्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असते. हे पाणी म्हणजे काय? ते दूधच आहे, फडक्यात अडकलेले. दोनशे वीस ग्रॅम अडकलेल्या दुधात सात-आठ ग्रॅम प्रथिने असणार. म्हणजे चोथ्यातली एक तृतीयांशाहून अधिक प्रथिने कणगीतून बाहेर पडलेली होती, नुसती पिळायची राहिली होती. उरलेली बारा-तेरा ग्रॅम मात्र न फुटलेल्या पेशींत आणि भिंतींना चिकटून बसलेली. ती कितीही पिळली तरी येणार नाहीत.

अडकलेल्या दुधावर उपाय सोपा आहे. चोथ्यावर दोनशे मिलिलिटर गरम पाणी घालून पाच मिनिटे कालवायचे आणि पुन्हा पिळायचे. अडकलेले दूध त्या पाण्याने निम्मे पातळ होते, आणि पिळल्यावर त्यातला निम्मा वाटा बाहेर येतो. तीन-चार ग्रॅम प्रथिने, म्हणजे अर्धा पेला दूध, फुकटात. तिसऱ्यांदा केले तर दीड-दोन ग्रॅम मिळतील, पण त्यासाठी सगळे दूध पातळ करणे मला पटत नाही. वहिनी ते तिसरे पाणी भाकरीचे पीठ मळायला घेतात, ते मला अधिक आवडले. मात्र ते पाणी दुधात मिसळून उकळले जाणार नसल्यामुळे भाकरी नीट भाजावी.

आणि चोथ्यात नेमके किती राहिले हे घरी ताडायचे असेल तर चोथा उन्हात कडकडीत वाळवा आणि तोला. वहिनींच्या कुकरच्या पद्धतीचा चोथा आम्ही तसा वाळवला, तेवढ्याच दाण्यांचा, साले काढलेल्या. तो भरला एकशे दोन ग्रॅम. नव्या पद्धतीचा, एकदाच पिळलेला, पासष्ट. पुन्हा धुऊन पिळलेला सत्तावन्न. कोरड्या दाण्यांपैकी जेवढे चोथ्यात कमी, तेवढे दुधात जास्त. कुकरच्या वेळी अर्धा दाणा फडक्यातच राहिला होता! साले काढून केलेल्या दोनशे ग्रॅम दाण्यांचा वाळलेला चोथा सत्तरच्या वर जाऊ लागला की कुठे चुकते ते शोधावे: वाटण जाडे राहिले, दाणे जास्त शिजले, पाणी जड आहे की दाणे जुने.

मग म्हशीला टाकायचा का? टाकला तरी म्हशीला तो मानवतो, ते काही वाया गेले नाही. पण वाळलेल्या चोथ्यात पाव ते तिसरा हिस्सा प्रथिने असतात. ज्वारीच्या पिठात शेकडा दहाच्या आसपास. आणि ज्वारीत जे लायसिन कमी पडते, ते सोयाबीनमध्ये भरपूर. आमच्याकडच्या धपाट्यांत तो सहज मुरतो. दोन वाट्या ज्वारीचे पीठ, अर्धी वाटी बेसन, एक वाटी ओला चोथा, लसूण, तीळ, ओवा, हिरवी मिरची, आणि पाणी अगदी बेताने, कारण चोथा स्वतःच ओला असतो. धपाटे जरा जाड राहू द्यावेत आणि मंद आचेवर दोन्ही बाजू खरपूस भाजाव्यात. चोथा अर्धाच शिजलेला असतो, म्हणून तो कच्चा कोशिंबिरीत वगैरे घालू नये. वाटी-सव्वावाटीच्या पुढे प्रमाण नेले तर धपाटे तव्यावर तुटतात, आणि चोथ्यात तंतू भरपूर असल्यामुळे सवय नसलेल्या पोटाला फुगल्यासारखे होते. चोथा फार लवकर आंबतो. उन्हाळ्यात सकाळचा दुपारपर्यंत टिकत नाही. लगेच वापरावा, नाही तर ताटात पातळ पसरून त्याच दिवशी उन्हात घालावा. पावसाळ्यात वाळवायच्या भानगडीत पडू नये, तव्यावर कोरडा परतून चटणीत घालावा.

दुधाच्या मर्यादाही वहिनींना सांगितल्या. प्रथिनांत ते गाईच्या दुधाच्या तोडीचे असले तरी कॅल्शियम त्यात बरेच कमी, म्हणून पोरांचे साधे दूध बंद करून हे द्यायचे नाही, जोडीला द्यायचे. वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी हे घरगुती दूध मुळीच नाही. थायरॉईडची गोळी घेणाऱ्याने गोळी आणि सोयाबीन ह्यांत काही तासांचे अंतर ठेवावे आणि डॉक्टरांना सांगावे, कारण गोळीचे शोषण त्याने कमी होते. फ्रिजमध्ये दूध दोन दिवस चांगले राहते, त्यापुढे मी ठेवत नाही.

परवा वहिनी पुन्हा आल्या. ह्या वेळी पितळीत नव्हे, कागदाच्या पुडीत वाळलेला चोथा होता. किराणा दुकानातल्या काट्यावर तोलून आणला होता. "अठ्ठावन्न भरला बाई," म्हणाल्या, "आणि धाकटा आज दुसरा पेला मागत होता. गूळ जरा जास्त पडला होता म्हणा."